ग्रुप फोटो एआयने एडिट केला की दात वाढतात, कुडी बदलते, सावली गायब होते : तपासायचं कसं?

तक्रार नेहमी उशिरा येते. फोटो प्रिंट होतो, फ्रेम होतो, भिंतीवर लागतो आणि मग पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारतं, "काकूंच्या एका कानात कुडी आणि दुसऱ्यात टॉप्स कसा?" एडिट करणाऱ्याने फोटो दहा वेळा पाहिलेला असतो, तरी त्याला ते दिसलेलं नसतं. चूक फार बारीक होती म्हणून असं होतं असं नाही. ओळखीचा चेहरा दिसला की आपला डोळा उरलेलं स्वतःच भरून घेतो, आणि दातांची रांग, कानातलं, पायाखालची सावली या गोष्टी तो सगळ्यात आधी गृहीत धरतो.

म्हणून तपासणीची सुरुवात एडिट केलेल्या फोटोकडे बघून करू नका. आधी मूळ फोटोपेक्षा नेमकं काय बदललं ते काढा, आणि मग त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन तो बदल आपण मागितला होता का, हे विचारा.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. मंगल कार्यालयाच्या अंगणात उन्हात काढलेला, एका रांगेत नऊ माणसांचा फोटो. मोबाइलवर काढलेला, 4000×3000 पिक्सेल. एआय टूल वापरून त्यात तीन कामं करायची आहेत: एका काकांचे मिटलेले डोळे उघडायचे, लग्नाला येऊ न शकलेल्या मावशी दुसऱ्या फोटोतून आणून रांगेत उभ्या करायच्या, आणि 12×18 इंचाच्या फ्रेमसाठी दोन्ही कडांना जागा वाढवायची. वाढवल्यावर फोटो 4500×3000 होतो, म्हणजे दोन्ही बाजूंना 250 पिक्सेल. प्रिंट 250 डीपीआयला निघते.

चूक मुळात का होते?

रांगेतल्या माणसाला साधारण 400 पिक्सेल रुंदी मिळते. चेहरा जेमतेम 130 पिक्सेलचा, हसताना दिसणारं तोंड 50 ते 55 पिक्सेलचं आणि समोरचा एक दात सात-आठ पिक्सेलचा. आता हा पूर्ण फोटो टूलला दिला आणि त्याने तो आतल्या आत 1024 पिक्सेल रुंदीवर आणला, तर तोच दात दोन पिक्सेलचा होतो आणि अख्खं तोंड चौदाचं.

शिवाय स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेलं चित्रावर थेट काम करत नाहीत. ती आधी चित्र आठपट लहान करून एका आकुंचित रूपात नेतात. तिथला एक चौकोन म्हणजे चित्रातले 8×8 पिक्सेल. चौदा पिक्सेलच्या तोंडाला असे जेमतेम दोन चौकोन मिळतात. त्यात दातांची संख्या मावतच नाही. परत मोठं करताना मॉडेल 'इथे हसू आहे' एवढ्यावरून दात रचतं. कधी सहा रचतं, कधी नऊ, कधी बरोबर मधोमध एकच मोठा दात. कुडीच्या मोत्यांचं तेच होतं. दीड सेंटिमीटरची कुडी मूळ फोटोतच तेरा-चौदा पिक्सेलची आहे, लहान केल्यावर ती तीन-चार पिक्सेलचा पांढरा ठिपका उरते.

इथून दोन गोष्टी निघतात. पहिली: मास्क फक्त डोळ्यांवर केला असला तरी टूलने पूर्ण फोटो त्या आकुंचित रूपातून नेऊन परत आणला असेल, तर हात न लावलेल्या आठ चेहऱ्यांवरही बारीक बदल झालेले असतात. दुसरी: चूक दिसली म्हणून तेच बटण पुन्हा दाबण्यात अर्थ नाही. पिक्सेल तेवढेच असतील तर नवा दातही अंदाजानेच येणार.

पहिलं काम: फरकाचा नकाशा

फोटोशॉपमध्ये मूळ फोटो खाली आणि एडिट वर ठेवा, वरच्या लेयरचा ब्लेंड मोड `Difference` करा. जे जसंच्या तसं आहे ते काळं दिसेल, बदललं तिथे उजेड दिसेल. उजेड फार मंद असतो, म्हणून सगळ्यात वर एक `Levels` लेयर टाकून पांढरा स्लायडर 255 वरून 30 च्या आसपास ओढा.

फोटोशॉप नसेल तर इमेजमॅजिकने हेच होतं. कडा वाढवलेल्या असल्याने आधी एडिटमधून मूळ भाग कापून घ्यावा लागतो:

```
magick edit.png -crop 4000x3000+250+0 +repage kaap.png
magick mool.jpg kaap.png -auto-orient -compose difference -composite -colorspace Gray -threshold 6% farak.png
```

`-auto-orient` विसरू नका. मोबाइलचा फोटो बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो आणि 'उभा दाखव' एवढी सूचना सोबत असते. एडिटिंग टूल तो खरंच फिरवून साठवतं. मग दोन फायली जुळत नाहीत आणि नकाशाचा नुसता गोंधळ होतो. एडिट तपासणीसाठी पीएनजी किंवा टिफमध्येच ठेवा. जेपेग पुन्हा साठवलं की सगळ्या कडांना बारीक धूळ दिसते. 6 टक्क्यांची मर्यादा तेवढी धूळ गाळण्यासाठीच आहे. धूळ जास्त असेल तर 8 किंवा 10 करा, पण त्यापुढे गेलात तर दातातले बदलही गाळले जातील.

आपल्या उदाहरणात उजेड कुठे दिसायला हवा? काकांचे डोळे आणि मावशींची जागा, बस्स. वाढवलेल्या कडा या नकाशात नाहीतच, त्या वेगळ्या बघायच्या.

प्रत्यक्षात मात्र नकाशावर नऊच्या नऊ चेहऱ्यांच्या बाह्यरेषा, साड्यांचे काठ आणि मागच्या फलकावरची अक्षरं चमकताना दिसली, तर पूर्ण फोटो मॉडेलमधून गेला आहे असं समजा. दातबित मोजत बसू नका. एडिट मूळ फोटोवर लेयर म्हणून ठेवा, त्याला काळा मास्क द्या आणि फक्त काकांचे डोळे, मावशी आणि वाढवलेल्या कडा एवढीच जागा पांढऱ्या ब्रशने उघडा. उरलेल्या सगळ्या तक्रारी तिथेच संपतात. आणि हो, फलकावर वधूवरांची नावं असतात. देवनागरी अक्षरांचा या मॉडेलांच्या हाती फार लवकर लगदा होतो, म्हणून नावं आवर्जून वाचून बघा.

सगळ्या रेषा दुहेरी, जणू सावलीसारख्या सरकलेल्या दिसल्या तर प्रकार वेगळा आहे. फोटो एक-दोन पिक्सेल सरकला आहे किंवा आकारात किंचित बदलला आहे. दोन्ही लेयर निवडून `Auto-Align Layers` चालवा आणि नकाशा पुन्हा काढा.

दात

डोळे उघडायला सांगितले होते, तरी काकांचं तोंडही बदलतं. मॉडेल चेहरा एकसंध रचतं, त्यामुळे डोळे टवटवीत झाले की हसूही रुंदावतं. फोटो 200 टक्के मोठा करा आणि तोंड बघा.

मोजण्यापेक्षा क्रम बघणं जास्त कामाचं. वरच्या दातांची मधली फट नाकाखालच्या खळगीच्या जवळपास रेषेत असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठा पटाशीचा दात असतो. खळगीखाली फट असायच्या जागी एक अख्खा दातच आला असेल, तर तो बहुधा मॉडेलने रचलेला आहे. त्याच्या शेजारचा दात अरुंद हवा (मोठा साधारण साडेआठ मिलिमीटरचा, शेजारचा साडेसहाचा), मग टोकदार सुळा. सुळ्यापुढचे दात गालाकडे वळत जातात, म्हणून समोरून ते आणखी अरुंद आणि थोडे गडद दिसतात. सगळे दात एकाच रुंदीचे, पियानोच्या पट्ट्यांसारखे आणि कोपऱ्यापर्यंत तितकेच पांढरे असतील, तर ते त्या माणसाचे नाहीत.

ही कसोटी मूळ फोटोशी ताडूनच लावा. कोणाची मधली फट मुळातच बाजूला असते, कोणाचा दात पडलेला असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दातांची खिंड बुजवली गेली असेल तर ती चूकच आहे, चित्र कितीही गोड दिसो.

दुरुस्तीचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे दात एआयकडून न घेणं. ग्रुप फोटो कोणी एकदाच काढत नाही. त्याच मिनिटातले आणखी तीन-चार फोटो मागवून घ्या. एखाद्यात काकांचे डोळे उघडे असतातच. तो फोटो खाली घ्या, `Auto-Align Layers` करा आणि मास्कने फक्त डोळ्यांची पट्टी आणा. ऊन तेच, लेन्स तीच, कणी तीच. जोडकामाचा मागमूस राहत नाही.

दुसरा फोटो नसेलच, तर पूर्ण फोटो टूलला देऊ नका, चेहऱ्यापुरता चौकोन द्या. स्टेबल डिफ्यूजनच्या ऑटोमॅटिक1111 मध्ये `Inpaint area` खाली `Only masked` निवडलं की मास्कभोवतीचा तुकडा मोठा करून त्यावर काम होतं आणि मग तो परत जागी बसवला जातो. म्हणजे 130 पिक्सेलच्या चेहऱ्याला 512 किंवा त्याहून जास्त पिक्सेल मिळतात. `Denoising strength` 0.3 ते 0.5 मध्ये ठेवा. त्यापुढे माणूस बदलू लागतो. मास्क भुवईपासून खालच्या पापणीपर्यंतच आखा, ओठांना लागू देऊ नका.

डोळे उघडले की बुबुळांतला प्रकाशाचा ठिपकाही बघा. दोन्ही डोळ्यांत तो घड्याळाच्या साधारण एकाच आकड्यावर असायला हवा, आणि शेजारच्या माणसाच्या डोळ्यांतही तिथेच. एका डोळ्यात दहावर आणि दुसऱ्यात दोनवर असेल, तर नजर का विचित्र वाटते ते कळत नाही, पण ती विचित्र वाटते खरी.

कानातलं, नथ, मंगळसूत्र

एआयने रचलेल्या चेहऱ्यात दोन कान एकमेकांपासून लांब असतात, आणि एका कानात काय घातलं हे दुसऱ्या कानापाशी विसरलं जातं. बघताना फक्त आकार जुळवू नका. प्रत्येक दागिना कशाला टेकला आहे ते बघा. कुडी पाळीला चिकटून बसते, झुमका लोंबतो. चुकलेल्या एडिटमध्ये झुमका मानेच्या कातडीत रुतल्यासारखा दिसतो किंवा पाळीपासून सुटा तरंगतो. वेल कानापासून निघून केसांत कुठेतरी अडकलेली हवी, मध्येच हवेत संपता कामा नये. बुगडी कानाच्या वरच्या कडेला असते, मॉडेल तिला बऱ्याचदा केसांचं फूल करून टाकतं.

मंगळसूत्राला दोन वाट्या असतील तर दोनच राहिल्या आहेत का? काळी पोत पदराखाली जाते तेव्हा दुसऱ्या बाजूला त्याच रेषेत बाहेर येते का? हे बोट ठेवून, रेषा पकडून बघायचं. हिरव्या चुड्याच्या बांगड्या मोजता येत असतील तर मूळ फोटोशी मोजा. मोजता येण्याइतके पिक्सेल नसतील तर निदान बांगडी मनगटाभोवती पूर्ण फिरते की अर्ध्यात कातडीत विरते, एवढं तरी बघा.

एका कानात काहीच नसणं ही दरवेळी चूक नसते. चेहरा वळलेला असतो, केसांखाली कान झाकलेला असतो, कधी लग्नाच्या गडबडीत एक टॉप्स खरंच पडलेला असतो. मूळ फोटोत नसेल तर आपल्या मनाने घालू नका, घरच्यांना विचारा.

घालायचाच झाला, तर चांगल्या कानातला दागिना कॉपी करून `Flip Horizontal` करतात. हमखास चूक होते ती इथे. ऊन डावीकडून येतंय, म्हणजे दोन्ही कानांतल्या मोत्यांची चमक डाव्या अंगालाच हवी. आरसा केल्यावर दुसऱ्या कानातली चमक उजवीकडे जाते. ती पुसून डावीकडे नव्याने लावावी लागते. शिवाय चेहरा किंचित वळलेला असेल तर लांबच्या कानातला दागिना अरुंद दिसायला हवा. रुंदी थोडी कमी करा, उंची तीच ठेवा.

मावशी आणि त्यांची सावली

मावशींचा फोटो घरात खिडकीपाशी काढलेला आहे, उजेड उजवीकडून. अंगणात ऊन डावीकडून, किंचित समोरून. उजेड जुळावा म्हणून मावशींना आरशासारखं उलटवण्याचा मोह होतो. उलटवलं की नथ उजव्या नाकपुडीत जाते, पदर उजव्या खांद्यावर येतो, केसांचा भांग आणि गालावरचा तीळ बाजू बदलतात. रांगेतल्या बाकी बायकांचे पदर डाव्या खांद्यावर आणि एकीचाच उजव्यावर, हे महाराष्ट्रातल्या घरात पहिल्या दिवशीच पकडलं जातं. पुरुषांच्या बाबतीत शर्टाची बटणपट्टी बघा. डावी पट्टी उजवीवर येते, उलट दिसली तर फोटो उलटवलेला आहे.

न उलटवता आणलं, तर मावशींच्या नाकाची सावली फोटोत डावीकडच्या गालावर आणि शेजारच्यांची उजवीकडच्या गालावर, असं होतं. जमिनीवर कितीही चांगली सावली काढली तरी हे झाकत नाही. मावशींचा बाहेरच्या उजेडातला, डावीकडून प्रकाश पडलेला दुसरा फोटो मागवणं हाच खरा उपाय आहे. तो मिळेपर्यंत काम थांबवलेलं बरं.

तसा फोटो मिळाला असं धरू आणि सावलीकडे येऊ. सावली दोन प्रकारची काढावी लागते, आणि विसरली जाते ती लहान. चपलेचा तळ जमिनीला टेकतो तिथे एक बारीक, गडद रेघ असते. ती नसेल तर माणूस दोन बोटं हवेत उभा दिसतो. लांब सावली असली तरी ही रेघ नसल्यामुळेच 'चिकटवलेलं' वाटतं. आधी तीच काढा.

लांब सावलीची दिशा शेजाऱ्यांवरून घ्या. फोटोतल्या चार-पाच ठिकाणी वस्तूचं टोक आणि त्याच्या सावलीचं टोक जोडणाऱ्या रेषा ओढा: डोक्यापासून डोक्याच्या सावलीपर्यंत, मांडवाच्या खांबाच्या टोकापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत. ऊन एकच असल्याने या सगळ्या रेषा वाढवल्यावर एकाच बिंदूकडे जायला हव्यात. तो बिंदू बहुतेकदा फोटोच्या बाहेर असतो, म्हणून कॅनव्हास तात्पुरता मोठा करा. मावशींची रेषा त्या बिंदूला चुकत असेल तर सावली चुकीची आहे. जमिनीवरच्या सावल्या फोटोत एकमेकींना समांतर दिसतात का, यावरून मात्र निकाल देऊ नका. खऱ्या जमिनीवर त्या समांतर असतात, कॅमेऱ्यात नसतात.

मग रंग आणि कड. सावलीचा लेयर मावशींच्या खाली ठेवा, `Multiply` करा आणि रंग काळा न घेता शेजारच्या सावलीतून उचला. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत निळसर झाक असते, शुद्ध काळी सावली भोक पडल्यासारखी दिसते. कड सगळीकडे सारखी धूसर करू नका. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे सावलीची कड वस्तूपासूनच्या अंतराच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी पसरते. 170 सेंटिमीटर उंच माणूस, ऊन 45 अंशांवर, तर डोकं आणि त्याच्या सावलीत अंतर सुमारे 2.4 मीटर, म्हणजे कड 2.4 सेंटिमीटर. आपल्या फोटोत एका सेंटिमीटरला साधारण नऊ पिक्सेल आहेत, म्हणून डोक्याच्या सावलीची कड साधारण 20 पिक्सेल धूसर आणि पायापाशी जवळजवळ धारदार. सावली मागे जात असेल तर लांबचा भाग लहान दिसतो, तिथे थोडं कमी ठेवा.

यानंतरही एक गोष्ट राहते आणि ती जवळपास प्रत्येक वेळी राहते. मावशी रांगेत आल्या, म्हणजे त्यांच्या डावीकडच्या माणसाची सावली आता त्यांच्या साडीवर, दंडापासून खाली पडायला हवी, आणि त्यांची सावली उजवीकडच्या माणसाच्या अंगावर. रांगेत इतरांच्या अंगावर ती कशी पडली आहे ते बघून तशीच काढा. नुसती जमीन रंगवून भागत नाही.

वाढवलेल्या कडा

इथे ताडायला मूळ फोटो नाही, त्यामुळे लवकर उरका पण दोन गोष्टी बघा. जोडाच्या रेषेवर, म्हणजे डावीकडून 250 व्या आणि 4250 व्या पिक्सेलपाशी, 300 टक्क्यांवर फोटोची कणी बदलते का? नवा भाग गुळगुळीत असेल तर `Add Noise` ने थोडी कणी घाला. आणि नव्या जागेत एखादा खांब किंवा कुंडी आली असेल तर तिला सावली आहे का, त्याच बिंदूकडे जाणारी?

जुन्या फोटोंचं वेगळं

आजी-आजोबांचे फोटो साफ करताना ही तपासणी अपुरी पडते, कारण मूळ फोटोतच तपशील नसतो. जीएफपीजीएएन किंवा कोडफॉर्मरसारखी टूलं शिकलेल्या चेहऱ्यांवरून चेहरा भरतात. कोडफॉर्मरमध्ये 0 ते 1 चा `w` असतो. तो 1 कडे नेला तर मूळ चेहऱ्याशी इमान जास्त, 0 कडे नेला तर चित्र गुळगुळीत. आजोबांसाठी तो वरच ठेवा. हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसलं जातं, पडलेला दात परत उगवतो. सगळ्यात जपायचं ते कुंकू. आडवी चिरी गोल टिकली होते, आणि ज्या बाईच्या कपाळावर मूळ फोटोत कुंकू नव्हतं तिथे ते येऊ शकतं. अशा घरात हा फोटो उघडला जाईल तेव्हा काय होईल याचा विचार करून कपाळ स्वतः, मूळ स्कॅन शेजारी ठेवून बघा.

छापण्याआधी

शेवटची नजर उलट्या फोटोवर टाका. पूर्ण फोटो तात्पुरता `Flip Horizontal` करा. ओळखीचे चेहरे थोडे परके होतात आणि भरून घेणारा डोळा थबकतो. फोटो परत सरळ करायला विसरू नका. मग 12×18 छापण्याआधी काका आणि मावशी ज्यात येतात असा 1000×1500 पिक्सेलचा तुकडा कापा आणि 4×6 इंचावर छापा. 250 डीपीआयलाच होतो, म्हणजे मोठ्या प्रिंटमध्ये चेहरे जेवढे दिसणार तेवढेच यात दिसतात. कागदावर सावल्या स्क्रीनपेक्षा गडद येतात. पायाखालची रेघ काळी पट्टी झाली असेल तर लेयरची `Opacity` दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवा आणि तुकडा पुन्हा छापून बघा.